मोजण्याआधी बुजवलेला पाया

सोनपेठजवळच्या आमच्या शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या तेव्हा मी तिथे मुख्याध्यापिका होते. पैसे टप्प्याटप्प्याने येणार होते. पाया, जोतं, स्लॅब; प्रत्येक काम अभियंत्याने मोजलं की मगच पुढचा हप्ता. शाळा समितीच्या बैठकीत मी हे बजावून सांगितलं होतं. तरी मी दोन दिवस रजेवर गेले आणि समितीच्या अध्यक्षांनी उत्साहाच्या भरात गावातले ट्रॅक्टर लावून, मुरूम टाकून पाया बुजवून टाकला. अभियंता आला आणि म्हणाला, "जे दिसत नाही ते मी मोजत नाही."

मी अध्यक्षांना सगळ्यांसमोर झापलं. "मोजल्याशिवाय काही झाकायचं नाही." त्यांनी निमूटपणे पाया पुन्हा उकरून दिला. मोजणी झाली, हप्ता आला.

पुढे स्लॅब झाला, फरशी बसली, रंगही लागला. शेवटच्या हप्त्यासाठी मोजणी बाकी होती आणि अभियंता काही येईना. मुलं जुन्या पत्र्याखाली घामाघूम होत होती. शेवटी मी अध्यक्षांकडे नव्या खोलीची किल्ली मागितली. ती त्यांच्या बंडीच्या खिशात होती. त्यांनी खिशावर हात ठेवला.

"मॅडम, तुमीच सांगितलंय, मोजल्याबिगर कायबी झाकायचं न्हाई. पोरं बसली की फरशी झाकली जाती."