चोवीस टक्के आले कुठून?

शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये रत्नप्रभाबाई पोहे भिजवत होत्या, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या शालिनीबाईंचा पराग कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन उभा. तो मंडीदीपच्या ज्या कारखान्यात होता, त्याने कर्मचाऱ्यांना शेअर विकत देऊ केले होते आणि पराग त्यासाठी आईची एफडी मोडायला निघाला होता.

“मावशी, भागधारकांच्या पैशावरचा परतावा पंधरावरून चोवीस टक्के! एकदम पक्का सौदा.”

रत्नप्रभाबाईंची हयात बँकेच्या कर्जविभागात गेलेली. कुणाकडची आमटी आवडली तरी गूळ किती, आमसूल किती, हे विचारल्याशिवाय त्या पानावरून उठत नसत.

“पण हे चोवीस आले कुठून?” त्यांनी चष्मा लावला. “शंभराच्या विक्रीत नफा सहा होता, तो पाचावर आला. मालमत्तेच्या रुपयामागे विक्री दोन रुपये होती, ती एक रुपया साठ पैसे झाली.”

“दोन्ही घटलं? मग परतावा वाढला कसा?”

“भागधारकांच्या रुपयामागे मालमत्ता सव्वा रुपयाची होती, आता तीन रुपयांची आहे. वरचे दोन उसने. पाच गुणिले एक पूर्णांक सहा दशांश गुणिले तीन, कर बघू.”

“चोवीसच की!”

“म्हणजे वाढ सगळी कर्जाची. कशाला घेतलं रे एवढं?”

“नवीन मशीन आणलंय. अजून खोक्यातच आहे.”

“तरीच! मालमत्ता फुगली, विक्री तेवढी नाही. व्याज मात्र सुरू.” त्यांनी पोह्यांचं पाणी निथळलं. “परागबाबू, माझं एवढंच ऐक. ते मशीन चालू होईपर्यंत आईची एफडी मोडू नकोस.”