सांडूभाऊंच्या लॉजचा मेल

मुकुंदवाडीच्या मेघा साळवेला फुकट राबायचा भयंकर राग, पण तोंडावर दर सांगायची त्याहून जास्त लाज. म्हणून दराचं बोलणं ती मेलवर करायची.

वेरूळच्या सांडूभाऊंच्या लॉजची वेबसाइट तिनं दिवाळीत करून दिली होती. तीन महिन्यांत त्या साइटवरून एकोणचाळीस खोल्या भरल्या. मग मेघानं दोन दिवस खपून भाऊंना मेल लिहिला. आधी हा आकडा, मग नवी सेवा: पाहुण्यांच्या चौकशीच्या मेलना रोज उत्तरं, महिना अडीच हजार, नाही पटलं तर महिन्यानं बंद. शेवटी, ‘हो म्हणा, सोमवारपासून सुरू करते.’

मेल धाडला आणि तिचाच मोबाइल वाजला. लॉजचा मेल आयडी तिनंच काढून दिला होता, आणि तो अजून तिच्याच फोनवर चालू होता. भाऊंनी त्याचा पासवर्ड कधी मागितलाच नव्हता.

झक मारत तिनं भाऊंना फोन लावला आणि स्वतःचाच मेल वाचून दाखवला. दर तेवढा पुटपुटली.

“पण पाहुण्यांना उत्तरं तर आतापण तूच देतीस ना?” भाऊंनी विचारलं.

“व्हय. फुकटात.”

भाऊ म्हणाले, “मग माझ्या नावानं मंजूर म्हणून लिही. पण आधी घासाघीस कर. मी एकदम हो म्हणलो तर कुणाला खरं वाटंल?”

मेघानं भाऊंच्या नावानं स्वतःला दोन हजार सांगितले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठणकावून नाही म्हणाली.