कंटेनरचा नारळ

करमाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी शीतखोल्या सांभाळते. पेट्यांत भरलेलं डाळिंब आधी माझ्याकडे येतं. गार हवेच्या झोतात ते गाभ्यापर्यंत सहा अंशांवर आलं, की मगच कंटेनरमध्ये चढतं. लोकांना वाटतं, कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज. पण तो फळ गार करत नाही, गार फळ गार ठेवतो. हे मी इतक्यांदा बोललेय, की नवरा जेवताना माझी नक्कल करतो.

गेल्या हंगामात माझ्या थोरल्या भावाच्या शेतकरी गटाचा पहिला कंटेनर युरोपला निघाला. तोवर त्यांचा माल व्यापारीच उचलायचे. दादा घरोघरी फिरला होता, आपल्या शब्दावर लोकांचं निवडक फळ घेऊन आला होता. त्यामुळे पूजा होणारच होती, आणि पूजेला पुढारी पाहुणे येणारच होते.

कंटेनर आला तोच आतून गारठलेला. दादाने मुद्दाम तसा मागवला होता. पाहुणे दाराशी आले की गार वाफ अंगावर यावी, ही त्याची हौस! दारं सताड उघडून यंत्र तसंच चालू ठेवलेलं. बाहेरची हवा आत शिरली आणि भिंतींना घाम फुटला. मी आधी यंत्र बंद करायला लावलं. फोटोसाठी पेट्यांच्या थप्प्या खोलीतून बाहेर, माल चढवायच्या धक्क्यावर आणून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पाहुणे सिल्लोडहून निघालेच नव्हते.

"दादा, माल परत खोलीत घे," मी म्हणाले.

"येतीलच आता. दम धर बाई जरा."

दम धरणं माझ्या स्वभावात नाही. तरी धरला. दुपार कलली तेव्हा पाहुणे आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी एका डाळिंबात तापमापकाची सुई खुपसली. तेरा.

"परत खोलीत न्यावं लागंल," मी सांगितलं. "रात्रभर तरी."

"अगं, आज गाडी निघाली नाय तर जहाज जातंय! पाचवर लावलंय ना मशीन? व्हईल गार आतल्या आत."

"नाही होत. हजारदा सांगितलंय."

"इथं सगळ्यांसमोर नको शिकवू मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. ते मला लागलं. माल गटाचा होता, निर्णयही त्यांचाच. भिंती पुसून घेतल्या, ताज्या हवेची झडप ठरल्याइतकीच उघडी आहे ना ते पाहिलं. पेट्या भरतानाच मधल्या थप्पीत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं होतं, ते जागेवर असल्याची खात्री केली. मग दाराला सील लागलं.

जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं. कंटेनरचं तापमान आम्हाला मोबाइलवर दिसायचं. दादा रोज सकाळी मला तो आकडा पाठवायचा, 'पाच', आणि पुढे हात जोडलेले. तो आकडा यंत्रातून सुटणाऱ्या हवेचा. फळांमधून फिरून परत येणाऱ्या हवेचा आकडा वेगळा दिसायचा, मी तो बघायचे. तो पहिले कितीतरी दिवस वरच होता, मुंगीच्या पावलानं उतरत होता. मधल्या पेट्यांत काय चाललं असेल या विचाराने मला घास गोड लागेना. माझं म्हणणं खोटं ठरावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. दादाला मात्र उत्तरात नुसतं 'हो' पाठवत राहिले.

माल पोहोचला. कडेच्या पेट्या चांगल्या निघाल्या. मधल्या थप्प्यांत फळांच्या तुऱ्याशी बुरशी होती. खरेदीदाराने फोटो पाठवले, माझ्या छोट्या यंत्राचा आलेखही पाठवला.

दादा पॅकहाऊसवर आला आणि माझ्या खुर्चीत बसला. एवढा थकलेला मी त्याला आजवर पाहिला नव्हता. बुरशी पाहून राग आला होता, तो त्याच्याकडे बघून कुठल्या कुठे गेला.

"लोकांना काय सांगू? मशीन बिघडली म्हणू का? मानतील. मशीनचं कुणाला काय कळतंय."

मी आलेख त्याच्यापुढे ठेवला. रेघ माझ्या खोलीत सहावर सपाट होती. मग एकदम वर चढली होती आणि तिथून कितीतरी दिवस घेत हळूहळू खाली आली होती. त्याने त्या चढावर बोट ठेवलं.

"हा नारळ," तो म्हणाला.

"व्हय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गटातलेच कुणीतरी होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मशीन बिघडली असं गावात बोलतायत, खरं का, असं ते विचारत होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"नाय," तो म्हणाला. "मशीन चांगली होती."