सास्तूरचे दोन ठोके

धाराशिवच्या एका दवाखान्यात मी वाचा-उपचाराचं काम करते. बोबडी मुलं, तोतरी मुलं आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्यांची जीभ त्यांचं ऐकेनाशी होते अशी मोठी माणसं माझ्याकडे येतात. दुपारपर्यंत माझाच घसा बसलेला असतो. या कामात इतकी वर्षं गेली की आता नवीन पेशंट दारात दिसला की मला आधी त्याचा कंटाळा येतो आणि मग त्या कंटाळ्याची लाज वाटते.

ते काका आले तेव्हाही तसंच झालं. ते कोर्टात शिपाई होते आणि पुकारा करायचं काम त्यांचं होतं. न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकाराचं नाव आणि गाव तीनदा खणखणीत ओरडायचं. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "ह्यांचा आवाज पार गेटाच्या भायेर, चहाच्या गाड्यापतुर जायचा, म्याडम. आता पाणी मागायचं तर खूण करतेत."

झटक्यानं काकांचा उजवा हात लुळा पडला होता. समजत सगळं होतं. नेमका शब्द डोक्यात असायचा, पण तोंड तो जुळवू शकायचं नाही. कोर्टातले शिपाई ज्यांच्या हाताखाली असतात त्या नाझरसाहेबांचा निरोप होता की पुढच्या एक तारखेला येऊन पुकारा करून दाखवा. जमला तर काम तुमचंच, नाही तर दुसऱ्याला देऊ. नोकरी जाणार नव्हती. पण काकूंनी हे सांगितलं तेव्हा काकांनी मान खाली घातली. हातात एक महिना होता.

अशा माणसाला आम्ही शब्द तोडून देतो. एका तुकड्याला बोटाचा एक ठोका. हा तुकडा म्हणजे उच्चाराचं अक्षर, वहीत लिहितो ते नव्हे. त्याचे तीन भाग असतात: आरंभ, केंद्र आणि अंत. केंद्रात स्वर असतो. तो नसेल तर तुकडाच होत नाही. आरंभ आणि अंत ही व्यंजनांची जागा, असली तर असली. 'आई' या शब्दात नुसतीच दोन केंद्रं आहेत. 'तूर' म्हणाल तर त् हा आरंभ, ऊ हे केंद्र आणि र् हा अंत. लिहिताना दोन अक्षरं दिसतात, पण तोंडातून निघतो तो एकच तुकडा. हे सगळं मी परीक्षेत झकास लिहिलं होतं.

आणि तरीही मी काकांना मुलांची कार्डं दिली. वाचता न येणाऱ्या पोरांसाठी मीच कधीतरी ती केली होती, लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे कापून. नवी करायचा जीव नव्हता. त्याच मापानं काकांच्या कामाचे शब्दही कापले. त्यांचं गाव सास्तूर, पहिलं कार्ड त्याचंच. सा, स्तू, र. तीन तुकडे, तीन ठोके. दुसरं कार्ड साक्षीदार. सा, क्षी, दा, र.

"सा," काका म्हणायचे. पहिला ठोका. मग ओठ थरथरायचे, कपाळावर घाम यायचा आणि "स्तू" काही निघायचा नाही. दोन व्यंजनं एकदम तुकड्याच्या आरंभाला आली की असल्या जिभेची दमछाक होते. हेही मी शिकलेलीच होते. मी पुन्हा म्हणायची, "हं काका, सा, स्तू, र." डाव्या हातानं ते टेबलावर दोनच ठोके मारायचे आणि थांबायचे. मला वाटायचं, तिसरा विसरतात. मग मी त्यांचं बोट धरून तिसरा ठोका मारायची. रोज. तीन आठवडे. एकदा तर मीच वैतागून म्हणाले, "काका, लक्ष कुठं आहे तुमचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट सैल सोडलं.

मग तो शुक्रवार. सकाळपासून पेशंटांची रीघ होती आणि महिन्याचा अहवाल त्याच दिवशी मागितला होता. काकांना म्हटलं, तुमचं तुम्ही म्हणत बसा, आणि रजिस्टरात डोकं घातलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी ते बोट धरायचंच नव्हतं.

टेबलावर एक ठोका पडला. "सास्." मग दुसरा. "तूर."

मी मान वर केली. काका स्वतःच दचकले होते. काकू दाराशी उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मला मात्र आनंद व्हायच्या आधी माझी चूक दिसली. सास्, तूर. दोनच तुकडे. मधलं जोडाक्षर फुटतं, स् मागच्या तुकड्याचा अंत होतो आणि त् पुढच्याचा आरंभ. शेवटच्या र ला स्वरच नाही, त्याला ठोका कुठला? शाळेत सगळेच शिकतात की जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडतो आणि ते गुरू होतं. ते याच्यामुळेच. काकांचं बोट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चुकीचा ठोका माझा होता आणि मी तो त्यांच्या हातानं मारून घेत होते.

त्या संध्याकाळी सगळी कार्डं नव्यानं कापली. साक्, षी, दार. क्ष हे एक अक्षर वाटतं, पण त्यातला क् मागे राहतो आणि ष् पुढे जातो. फिर्, या, दी. इथं ठोके दोन्ही तऱ्हेनं तीनच, म्हणून माझी चूक तिथं दिसलीच नव्हती. काका धडाधड पुढे निघाले. आठ दिवसांत गावं आली, साक्षीदार आला, हाजिर तर खणखणीत आला. राहिली ती सुरुवातीलाच जोडाक्षर असलेली नावं. तिथं मागे तुकडाच नसतो, मग व्यंजन मागे ढकलणार कुठं? दोन्ही आरंभालाच पेलावी लागतात. त्यांचा सराव सावकाश, अगदी शेवटी करायचा असतो. शेवट करायला दिवस उरले नव्हते.

एक तारखेला मी रजा टाकून कोर्टात गेले. काका दारात उभे राहिले, डावा हात मांडीवर. पहिलं नाव गेलं, गाव गेलं, तीनदा. दुसरंही गेलं. तिसरं नाव 'प्र'नं सुरू होणारं होतं. काकांचे ओठ मिटले ते मिटलेच. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. नाझरसाहेब पुढे येऊन हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काका." आणि ते नाव शेजारच्या शिपायानं ओरडलं.

काका आता रेकॉर्ड रूममध्ये आहेत. जुन्या फायली डाव्या हातानं उचलून देतात. मध्यंतरी दवाखान्यात तपासणीला आले होते. बोलणं बरंच सुधारलंय, 'प्र'सुद्धा येतो. मी खूप दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "काका, तुम्हाला दोनच ठोके हवे होते. मी तिसरा मारायला लावत होते. तुम्ही हात का नाही हिसडला?"

ते ओशाळल्यासारखं हसले, जणू चूक त्यांचीच होती. डावं बोट टेबलावर टेकवलं आणि एकेक ठोका मारत, सावकाश, एकही न चुकता म्हणाले,

"तु-मी. शिक-लेल्-या."