फोनच्या जाळीतलं कुंकू

पोरांनो, त्या वर्षी दसरा झाल्यावर तुमच्या बाबाने फोनवर तीनदा विचारलं, "आई, कानाचं मशीन घेऊ या का?" त्याचा आवाज मला उशीखालून आल्यासारखा यायचा. पण कान गेले असं एकदा ठरलं, की माझं भुकूमला एकटीने राहणंही संपणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी कान सोडून फोन तपासायला नेला.

पौड रस्त्यावरच्या फोन दुरुस्त करणाऱ्या दुकानदारावर माझा विश्वास नव्हता. असे लोक चांगला भाग काढून जुना बसवतात, असं ऐकलं होतं. बॅटरीवर मी घरूनच पेन्सिलीने बारीक फुली मारून नेली, आणि त्याच्या समोर स्टूल ओढून बसले.

त्याने फोनला इअरफोन लावून माझ्या कानात घातले, स्वतःचा फोन घेऊन रस्त्यापलीकडे गेला आणि तिथून फोन केला. शब्दन् शब्द स्वच्छ!

"आजी, कान ठणठणीत हायेत तुमचं," तो परत येऊन म्हणाला. "नेटवर्क बी. कानाला लावायचा स्पीकर तेवढा दबलाय."

त्याने फोन उघडला. वरच्या बारीक जाळीवर गुलाबी थर बसला होता. कोरड्या ब्रशने झाडल्यावर कागदावर कुंकू पडलं.

"फोनची पूजा केली व्हय?"

दसऱ्याला शिवणयंत्राबरोबर फोनलाही हळदकुंकू वाहिलं होतं.

मग त्याने गाणं लावलं. अगदी हळू आवाजातही फोन खरखरला. "मागचा स्पीकर येगळा असतोय. ह्यो फाटलाय, बदलावा लागंल."

आलाच मुद्द्यावर, मी मनात म्हटलं. "काढलेला भाग मला दाखवा."

त्याने पातळ पडदा चिमट्याने उचलून भिंगाखाली धरला. त्यावर एक बारीक भोक होतं. "टाचणी घातली कुणीतरी. तुमीच का?"

आवाज मोकळा व्हावा म्हणून मागची भोकं टाचणीने कोरणारी मीच होते.

नवा स्पीकर बसला, गाणं स्वच्छ वाजलं. पण तुमची 'आजी, आजी' ही मी फोनमध्ये टेप केलेली हाक घोगरीच आली. "हा नवा आहे म्हणता?" मी उसळले. त्याने तीच हाक स्वतःच्या फोनवर घेऊन वाजवली. तिथेही घोगरीच. "जागा कमी लागावी म्हणून फोन टेप करतानाच आवाज चेपून ठेवतोय. त्याला स्पीकर काय करनार?"

निघताना मी बॅटरीवरची फुली पाहिली. होती.

रविवारी तुमचा बाबा नेहमीसारखा ओरडून बोलू लागला. मागून तुमची आई हळूच म्हणाली, "मशीनचं पुन्हा विचार. ऐकू आलं नसेल त्यांना."

"आलं गं," मी म्हटलं. पुढे मशीनचा विषय निघाला नाही. टाचणीचं मात्र आज पहिल्यांदाच सांगते आहे.