मागची खुर्ची

गल्लीत तिला सगळे फोटोबाई म्हणत. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, परीक्षेच्या अर्जाचे फोटो काढण्यात तिची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकाच्या मागची भिंत कशीही असो, फोटोबाई ती पांढरीशुभ्र करून द्यायची. मागचं पुसणं तिच्या बोटांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नसे.

तिचा नवरा शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणत. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्याचा डावा हात आणि पाय लुळे पडले आणि मशीन बंद झालं. एका सकाळी ती चहा घेऊन खोलीत आली, तर मास्तर साबणाच्या वडीत सुई खोचून, एकाच हाताने दोरा ओवत बसलेले. जीभ किंचित बाहेर, डोळे बारीक. दोरा तीनदा चुकला. चौथ्यांदा गेला, आणि म्हातारा एकटाच हसला. तेवढ्यात तिने कॅमेरा उचलला होता.

हा फोटो तिने एका मोठ्या स्पर्धेत ‘रोजचं जगणं’ या विभागात पाठवला. पाठवण्याआधी सवयीने मागचं आवरलं. मास्तरांच्या पाठीमागे कमोडची खुर्ची होती, ती पुसून तिथे भिंत ओढून घेतली. जगाने तिच्या माणसाला त्या खुर्चीसकट बघावं, हे तिला नको होतं. नियमांची पानं तिने नुसती वरवर चाळली होती.

दोन महिन्यांनी मेल आला. फोटो शेवटच्या वीसांत होता. आता कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल पाठवायची होती. ती स्पर्धेच्या फोटोशी ताडून पाहणार होते. सोबत नियम पुन्हा दिले होते. उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट बेताने सुधारलेला चालेल. कडा कापलेल्या चालतील. लेन्सवरच्या धुळीचे ठिपके काढलेले चालतील. पण चौकटीत असलेली वस्तू पुसायची नाही, नसलेली घालायची नाही, मागचं मुद्दाम धूसर करायचं नाही, आणि एखादी वस्तू दिसेनाशी होईल इतकं काळंही करायचं नाही.

फोटोबाईला पुसलेली खुर्ची आठवली. तिने मूळ फोटो उघडला. खुर्चीच्या बाजूने नुसती कडा कापून भागलं असतं का ते पाहिलं, तर मास्तरांचा लुळा हातच निम्मा जात होता. मग फोटोत राहिलं काय?

“अहो, एक चूक झालीय माझ्याकडून,” ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. दोन्ही फोटो दाखवले.

मास्तरांनी बराच वेळ निरखून पाहिले. “खुर्ची का काढलीस गं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मला? मी रोज बसतो तिच्यावर.” मग हळूच म्हणाले, “तुला वाटलं असेल वाईट.”

 तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मास्तरांनी चांगल्या हाताने तिचा पदर ओढून तिच्याच हातात दिला.

त्याच दुपारी तिने मूळ फाइल पाठवली आणि खाली लिहिलं: ‘पाठीमागची खुर्ची मी पुसली आहे. नियम नीट वाचले नव्हते. फोटो बाद करावा.’

तिसऱ्या दिवशी संयोजक बाईंचा फोन आला. “फोटो बाद करावा लागतोय, ताई. मुदत संपल्यावर बदलून घेता येत नाही. तुम्ही स्वतःहून कळवलंत, म्हणून पुढच्या वर्षी बंदी नाही.”

“मग हाच फोटो, काही न पुसता, पुढच्या वर्षी चालेल?”

“दोन वर्षांच्या आत काढलेला असला तर चालेल. पुसापुशी करायचीच असेल तर आमचा ‘कल्पक’ विभाग आहे, तिथे काय बदललं ते लिहून द्यायचं.”

“नको,” फोटोबाई म्हणाली. “आहे तसाच देते.”

पुढच्या वर्षी तिने नियम पेन्सिलीने खुणा करत वाचले. उजेड थोडा वाढवला, एक धुळीचा ठिपका काढला, आणि दोन्ही गोष्टी अर्जात लिहिल्या. मूळ फाइल जपून ठेवली होतीच. बक्षीस मिळालं नाही. पण प्रदर्शनात लावायला निवडलेल्या चाळीस फोटोंत तो होता.

ती मास्तरांना व्हीलचेअरवरून घेऊन गेली. फोटोसमोर एक मध्यमवयीन बाई कितीतरी वेळ उभी होती. जरा वेळाने तिने मास्तरांना ओळखलं आणि पुढे आली.

“आमच्या आईकडेही अशीच खुर्ची आहे,” ती म्हणाली. “कोणी आलं की आम्ही तिच्यावर चादर टाकतो.”

“आणि आईला घाईची लागली की?” मास्तरांनी विचारलं.

बाई आधी गोंधळली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. फोटोबाईलाही हसू आवरेना. मग त्या बाईने जवळचं स्टूल ओढलं आणि सुई साबणातच का खोचली, ते मास्तरांना विचारत बसली.