चार खोकी जास्त

महमूदभाईंनी बावीस वर्षांत माल कमी पाठवला, असं कुणी म्हणालं तर नागापूर एमआयडीसीतले चहावालेसुद्धा भांडायला उठले असते. शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात गाड्या भरून रवाना करायचं काम त्यांचं. वडील मिरजगावच्या बाजारात मापाडी होते. धान्य मोजून झालं की वर एक मूठ जास्तीची टाकायचे. ‘गिऱ्हाईक परत आलं पाहिजे’ हे वाक्य महमूदभाईंनी अक्षरओळख व्हायच्या आधी ऐकलं होतं.

पूर्वी माल नगरच्या आणि आसपासच्या दुकानांत जायचा. आज नाही तर उद्या पोचला तरी दुकानदार चहा पाजायचा. मग मालक हर्षलशेठनी एका मोठ्या सुपरमार्केटवाल्यांची ऑर्डर आणली आणि चहा बंद झाला. त्यांच्या चाकणजवळच्या गोदामात ठरवून दिलेल्या अर्ध्या तासातच गाडी लागली पाहिजे आणि ऑर्डरमधलं प्रत्येक खोकं उतरलं पाहिजे. वेळेत आणि पूर्ण, दोन्ही जमलं तरच ती ऑर्डर पास. एक जरी चुकलं तर सगळी नापास, वर दंड, आणि दंड मागायला कुणी येत नाही, बिलातूनच कापून घेतात. असला परीक्षक शाळेतही भेटत नाही.

गेल्या महिन्यात पाच खोकी वाटेत चेपली. गोदामाने ती घेतली नाहीत आणि ऑर्डर नापास झाली. त्याआधी एकदा शिक्रापूरच्या गर्दीत गाडी अडकली होती. पंधरा दिवसांपूर्वी मेल आला. आता एकही ऑर्डर चुकली तर चटणीचं काम दुसऱ्याला. ते काम गेलं तर पॅकिंगची दुसरी लाईन बंद होणार होती. त्या लाईनवर चौदा बाया होत्या आणि त्यांची मुकादम कडूबाई.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्या गुरुवारी महमूदभाईंनी सहाशे चाळीस खोकी स्वतः मोजून चढवली. बिल आदल्या दिवशीच झालं होतं. फाळका लावायच्या आधी ते क्षणभर थांबले आणि आणखी चार खोकी आत सरकवली.

“ही कशाला, चाचा?” ड्रायव्हर ज्ञानेश्वरने विचारलं. त्याला सगळे माउलीच म्हणायचे.

“चेपली-बिपली तर ही दे. कमी पडाया नको.”

हर्षलशेठना सांगायची त्यांना गरज वाटली नाही. चार खोकी जास्त दिली म्हणून कुणी भांडल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

गाडी सहाला निघाली. सव्वादहाला माउलीचा फोन आला, गोदामाच्या फाटकावर पोचलो, अकराची वेळ हाय. महमूदभाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कडूबाईला लाईनवर जाऊन सांगितलं आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली.

साडेअकराला पुन्हा फोन वाजला.

“चाचा, मोजताना सहाशे चव्वेचाळीस भरली. कागदावर चाळीसच हायत. बिलाबाहेरचा माल आत घेत न्हाईत म्हणत्यात. उतरवलेला सगळा परत गाडीत भराया लावला. जास्तीची काढून, नवी वेळ घेऊन या म्हनले.”

“अरे, ती चार फेकून दे रस्त्यावर.”

“म्या तेच म्हनलो. पर आपली वेळ संपली, चाचा. धक्क्यावर दुसरी गाडी लागली. आता शनिवारी.”

एकही खोकं चेपलं नव्हतं. महमूदभाई खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान धरला तिनंच घात केला, हे त्यांना कळत होतं आणि पटत मात्र नव्हतं.

माल शनिवारी उतरला, सगळा, धड. तरी ऑर्डर उशिराची म्हणून नापास. सोमवारी मेल आला, चटणीच्या ऑर्डर या महिन्यापासून बंद. हर्षलशेठ ओरडले नाहीत. “चाचा, मला एकदा विचारायचं होतं,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या लाईनच्या बायांना सांगायचं काम महमूदभाईंनी मागून घेतलं. चौदाजणी डोक्याला टोप्या तशाच घालून उभ्या राहिल्या. ते बोलत असताना त्यातली एकजण सवयीनं पाकिटं पुसत राहिली. सगळ्या पांगल्यावर कडूबाई मागे थांबली. ती त्यांच्याच हाताखाली अकरा वर्षांपूर्वी कामाला लागली होती.

“चाचा, आमच्याकडनं काय कमी पडलं का?”

“न्हाई, बाई.”

“मग माल खराब निघाला?”

“न्हाई. चार खोकी जास्त गेली. म्याच घातली.”

कडूबाईनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “जास्त दिलं म्हणून कुनी कामावरून काढतं व्हय?” ती म्हणाली. तिला वाटलं, तिचं मन राखायला चाचा काहीतरी खोटं सांगतायत.